खोट्या अभिप्रायाची तक्रार: कोणते वाक्य कोणापुढे मांडावे

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मिरजेत आमचे चकली, चिवडा, शेव अशा फराळाच्या पदार्थांचे छोटे दुकान आहे. नऊ दिवसांपूर्वी गुगल मॅप्सवर दुकानाच्या पानाखाली एका अनोळखी नावाने एक तारा देऊन हे लिहिले गेले: ‘फालतू दुकान. चकली बेचव आणि महाग. १४ तारखेला संध्याकाळी घेतलेल्या चिवड्यात मेलेली पाल निघाली. हे लोक हॉटेलांनी वापरून टाकलेले तेल विकत आणतात. फूड लायसन्स पण नाही. मालकिणीच्या मुलाचा नंबर देतो, फोन करून झापा.’ पुढे खरोखरच माझ्या मुलाचा नंबर आहे. १४ तारखेला सोमवार होता आणि सोमवारी आमचे दुकान बंद असते. नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले आहे. मी दोनदा तक्रार केली, एकदा ‘Off topic’ निवडून आणि एकदा ‘Spam’ निवडून. दोन्ही वेळा नियमभंग आढळला नाही असे कळवण्यात आले. हे कोणी केले ते मला माहीत आहे. आमच्याकडे काम करून गेलेल्या एकाने दोन गल्ल्या सोडून तसेच दुकान काढले आहे. त्याचे नाव घेऊन खाली उत्तर लिहून ठेवले आहे, अजून टाकलेले नाही. टाकू का? आणि ही बदनामी आहे हे त्यांना पटवायचे कसे?

— एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

लिहून ठेवलेले उत्तर टाकू नका, मात्र ते पुसूनही टाकू नका. वहीत राहू द्या, कारण त्यातील राग बाजूला काढल्यावर जे तपशील उरतील ते आपल्याला लागणार आहेत. त्याआधी एक काम आहे, आणि ते तक्रारीपेक्षाही तातडीचे आहे. दुकानात सीसीटीव्ही असेल, तर १२ ते १५ तारखेचे चित्रीकरण आजच्या आज पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. ही यंत्रे साठवण भरली की सर्वांत जुन्या चित्रीकरणावर नवे चित्रीकरण करत जातात, आणि नऊ दिवस आधीच गेलेले आहेत. ज्यांच्या तक्रारी मी वाचल्या आहेत, त्यांतील अनेकांनी पहिला आठवडा उत्तर-प्रत्युत्तरात घालवला आणि पुराव्याची आठवण झाली तेव्हा तो उरलेला नव्हता.

त्यानंतर अभिप्राय जसा आहे तसा जपून ठेवा. लिहिणारा तो केव्हाही बदलू शकतो, आणि तक्रार झाल्याचे लक्षात आल्यावर फोन नंबर किंवा पालीचे वाक्य तेवढे गाळून बाकीचे ठेवू शकतो. संगणकावर पान उघडून स्क्रीनशॉट घ्या आणि त्यात लिहिणाऱ्याचे नाव, तारा, संपूर्ण मजकूर आणि वरचा पत्ता एकत्र दिसेल असे पाहा. मजकूर मोठा असल्यास दोन स्क्रीनशॉट घ्या, पण त्यांत काही ओळी दोन्हीकडे येऊ द्या, म्हणजे मधले काही गाळल्याची शंका राहणार नाही. अभिप्रायाशेजारच्या तीन ठिपक्यांवर गेल्यावर तो इतरांना पाठवण्याचा पर्याय मिळतो. तेथून त्या एका अभिप्रायाचा स्वतंत्र दुवा घ्या. दुकानाच्या पानाचा दुवा पुरेसा नसतो, कारण तपासणाऱ्याला शेकडो अभिप्रायांतून आपला शोधावा लागता कामा नये. आणखी एक बारीक गोष्ट अशी की, अभिप्रायाखाली नेमकी तारीख दिसत नाही. ‘एक आठवड्यापूर्वी’ असे काहीतरी दिसते, आणि ते रोज बदलत जाते. म्हणून स्क्रीनशॉट घेतल्याची तारीख आणि वेळ वेगळी नोंदवा आणि नवा अभिप्राय आल्याची गुगलची ई-मेल आपल्याकडे आली असेल तर ती जपून ठेवा. अभिप्राय कोणत्या दिवशी प्रसिद्ध झाला याचा तो सर्वांत साधा पुरावा आहे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येते. ही बदनामी आहे हे त्यांना पटवायचे कसे, असे आपण विचारले आहे, आणि दोन्ही तक्रारी फेटाळल्या जाण्याचे मूळ मला या प्रश्नातच दिसते. अभिप्राय तपासणारा मनुष्य असो वा यंत्रणा, त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो: हा मजकूर आमच्या ठरलेल्या नियमांपैकी एखादा मोडतो का? ग्राहक खरा की दुकानदार खरा, याचा निवाडा आपण करत नाही, असे गुगल स्वतःच सांगते. चिवड्यात पाल होती की नव्हती हे हजार किलोमीटरवर बसलेल्या माणसाला ठरवता येत नाही, आणि ‘हे खोटे आहे’ असे प्रत्येकच दुकानदार म्हणत असतो. म्हणून पूर्ण अभिप्रायाविरुद्ध एक मोठी तक्रार करण्याऐवजी त्यातील वाक्ये सुटी करावीत आणि प्रत्येक वाक्य कोणापुढे टिकेल ते पाहावे.

‘फालतू दुकान. चकली बेचव आणि महाग.’ ही दोन वाक्ये सोडून द्या. ते मत आहे. ते मत कोणालाही असू शकते, कायदाही त्याला हात लावत नाही, आणि तक्रारीत त्याचा नुसता उल्लेख झाला तरी वाचणाऱ्याला वाटते की या बाईंना टीका सहन होत नाही. चकलीच्या चवीबद्दलची एक ओळ गाळल्याने तक्रारीतील बाकीच्या ओळींचे वजन वाढते.

शेवटचे वाक्य मात्र आपण पत्रात जाता जाता सांगितले आहे, आणि माझ्या मते आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे. एका खासगी व्यक्तीचा मोबाइल नंबर तिच्या संमतीविना प्रसिद्ध करणे हे गुगलच्या अभिप्राय-नियमांत स्पष्टपणे बसणारे उल्लंघन आहे आणि त्यासाठी तक्रारीच्या यादीत ‘Personal information’ हे स्वतंत्र कारण दिलेले आहे. येथे कोण खरे आणि कोण खोटे हा प्रश्नच उद्भवत नाही. नंबर डोळ्यांना दिसतो. आपण निवडलेली दोन्ही कारणे या अभिप्रायाला लागू पडत नव्हती. ‘Off topic’ म्हणजे दुकानाशी संबंध नसलेला मजकूर, उदाहरणार्थ निवडणुकीबद्दलची बडबड. हा मजकूर तर दुकानाबद्दलच आहे. ‘Spam’ म्हणून एकुलता एक अभिप्राय सिद्ध करणे कठीण असते. तेव्हा पुन्हा ‘Report review’ वर जा आणि या वेळी वैयक्तिक माहितीचे कारण निवडा. गुगल एखाद्या अभिप्रायातील नेमकी ओळ खोडून बाकीचा मजकूर ठेवत नाही. अभिप्राय राहतो किंवा सगळाच जातो. त्यामुळे नंबराच्या कारणाने निर्णय आपल्या बाजूने लागला तर पालही त्याबरोबर जाईल. तो माणूस नंबर गाळून पुन्हा लिहू शकतो ही शक्यता उरते, आणि म्हणूनच पहिला स्क्रीनशॉट इतका मोलाचा आहे.

त्याआधी एक खात्री करून घ्या. मुलाचा तो नंबर दुकानाच्या पाटीवर, बिलावर, पिशवीवर किंवा गुगलच्या पानावर कधी छापला गेला आहे का? तसे असेल तर तो खासगी राहत नाही आणि हा मुद्दा ढिला पडतो. मुलाला आलेल्या फोनांची यादीही तारीख आणि वेळेसह करून ठेवा. त्यात धमक्या असतील, तर तो भाग प्लॅटफॉर्मवर अवलंबून ठेवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा cybercrime.gov.in वर स्वतंत्र तक्रार करा.

मधली तीन वाक्ये, म्हणजे पाल, तेल आणि परवाना, ही वस्तुस्थितीबद्दलची विधाने आहेत. ती खरी किंवा खोटी असू शकतात, त्यामुळे बदनामीचा प्रश्न उद्भवतो तो येथेच. मात्र तिन्हींचा पुरावा एकाच प्रतीचा नाही, हे ओळखून लिहावे लागेल.

परवान्याचे विधान सरकारी नोंदीवरून तपासता येते. आपल्या प्रमाणपत्रावर १४ अंकी क्रमांक असतो आणि तो अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. प्रमाणपत्राचा फोटो, क्रमांक आणि वैधतेची तारीख एवढे द्या. अभिप्राय लिहिला गेला त्या दिवशी नोंदणी वैध होती ना, हे मात्र आधी स्वतः पाहा. मुदत संपून नूतनीकरण राहिले असेल, तर हा मुद्दा अर्जात घेऊच नका आणि आधी नूतनीकरण करा.

तेलाचे विधान थोडे अवघड आहे. कोणी सुचवेल की तेल प्रयोगशाळेत तपासून अहवाल जोडा. वारंवार तापवलेल्या तेलासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ध्रुवीय संयुगांची २५ टक्के ही कमाल मर्यादा घातलेली आहे आणि ती चाचणी करता येते. पण आजच्या तेलाचा अहवाल १४ तारखेच्या तेलाबद्दल काही सांगत नाही. त्यापेक्षा मागील तीन-चार महिन्यांची तेल खरेदीची बिले अधिक बोलतात. आपण महिन्याला किती डबे तेल घेता आणि किती किलो माल तळता याचा मेळ बसत असेल, तर बाहेरून वापरलेले तेल आणण्याचा आरोप कागदावरच लंगडा पडतो.

राहिली पाल. ‘पाल नव्हती’ हे कोणालाच सिद्ध करता येत नाही, म्हणून ते सिद्ध करण्याचा प्रयत्नही करू नका. आपल्याला दाखवायचे आहे ते इतकेच की सांगितलेल्या दिवशी आपल्या दुकानात विक्रीच झाली नाही. येथे आपला सर्वांत उपयोगी पुरावा गुगलच्याच पानावर आहे: दुकानाच्या वेळांमध्ये सोमवार ‘बंद’ असा आधीपासून दाखवलेला असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या. आता घाईने वेळा बदलून सोमवार बंद दाखवू नका. तसे केलेले नंतर उघड झाले, तर बाकीचा खरा पुरावाही संशयात जाईल. त्याबरोबर १४ तारखेचे बिलबुक किंवा वही, यूपीआय खात्याचे त्या दिवसाचे विवरण आणि बंद शटरचे चित्रीकरण जोडता येईल.

पण ताई, आपल्याच बाजूने एक कठोर प्रश्न विचारते. लोक तारखा चुकतात. त्या माणसाने खरेदी १३ तारखेला, रविवारी केली असेल आणि लिहिताना १४ म्हटले असेल तर? म्हणून १२ आणि १३ तारखेची चिवड्याची विक्री, त्या दोन दिवसांत कोणी तक्रार घेऊन आले होते का आणि त्याच घाण्यातला माल घेतलेल्या इतर ग्राहकांनी काही सांगितले का, हेही पाहा. आपली पाकिटे किराणा दुकानांतही ठेवली जातात का? जात असतील, तर सोमवारी ती दुसरीकडून विकली गेली असू शकतात आणि ‘आमचा चिवडा त्या दिवशी विकलाच गेला नाही’ हे विधान टिकणार नाही. तेव्हा ‘आमच्या दुकानातून विक्री झाली नाही’ एवढेच लिहावे. या तपासात खरोखर एखादा नाराज ग्राहक निघाला, तर हे सारे प्रकरण तक्रारीचे न राहता त्याची विचारपूस करण्याचे होईल, आणि तसे झाल्यास मला आपल्यासाठी वाईट वाटणार नाही, कारण तो प्रश्न आपण स्वतः सोडवू शकाल.

ज्या व्यक्तीवर आपला संशय आहे तिचे नाव कोठेही लिहू नका. आपल्याला वाटते ते खरेही असेल, परंतु ‘मला माहीत आहे’ आणि ‘मला दाखवता येते’ यांतले अंतर तक्रारीत फार महाग पडते. उद्या तो मनुष्य हा नव्हेच असे निघाले, तर जाहीर उत्तरात त्याचे नाव घेऊन आपणच त्याची बदनामी केली असे होईल. त्याऐवजी लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्याने आणखी कोणाबद्दल लिहिले आहे ते पाहा. ती माहिती खुली असेल आणि, समजा, त्या खात्यावरून केवळ दोनच अभिप्राय असतील, एक आपल्या दुकानाला एक तारा आणि त्याच सुमारास दुसऱ्या फराळ-दुकानाला पाच तारे, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. तक्रारीत निष्कर्ष न काढता दिसते तेवढे मांडा. प्रतिस्पर्ध्याने किंवा जुन्या कर्मचाऱ्याने लिहिलेला अभिप्राय हितसंबंधाच्या नियमात बसतो आणि त्यासाठी ‘Conflict of interest’ हे कारणही आहे; परंतु दाखवण्यासारखे काही हाती असेल तरच ते वापरावे.

पहिल्या तक्रारीत लिहायला जागा नसते; यादीतील एक कारण तेवढे निवडायचे असते. निर्णयासाठी काही दिवस लागतात आणि अभिप्रायांच्या व्यवस्थापनाचे जे वेगळे पान गुगल व्यावसायिकांना देते, त्यावर तक्रारीची स्थिती दिसते. तक्रार फेटाळली गेली, तर तेथूनच अपील करता येते, आणि ते एकदाच मिळते. म्हणून अपील रागाच्या भरात रात्री अकराला करू नये. कागद तयार झाल्यावर, एकदा दुसऱ्या कोणाला वाचायला देऊन, मग करावे. मजकूर साधारण असा ठेवता येईल. तोच पुढे इतर अर्जांतही उपयोगी पडेल:

‘आमच्या दुकानाच्या पानावरील खालील दुव्यावर असलेल्या अभिप्रायाबद्दल ही विनंती आहे. अभिप्रायाच्या शेवटच्या वाक्यात एका खासगी व्यक्तीचा मोबाइल नंबर दिला असून वाचकांना तेथे फोन करण्यास सांगितले आहे. हा नंबर दुकानाचा नाही आणि आमच्या पानावर, पाटीवर किंवा बिलावर तो छापलेला नाही. अभिप्राय प्रसिद्ध झाल्यापासून त्या नंबरावर अनोळखी फोन येत आहेत. त्यांची यादी सोबत आहे. अभिप्रायात १४ तारखेला संध्याकाळी खरेदी केल्याचे म्हटले आहे. तो सोमवार होता. आमचे दुकान सोमवारी बंद असते आणि आपल्या पानावरील वेळांमध्येही तसे नोंदवलेले आहे. त्या दिवशीच्या बिलबुकात व यूपीआय विवरणात विक्रीची कोणतीही नोंद नाही. अभिप्रायात दुकानाकडे परवाना नसल्याचे म्हटले आहे. आमची नोंदणी त्या दिवशी वैध होती. प्रमाणपत्राची प्रत सोबत आहे. चव व किंमत यांबद्दलच्या मताविषयी आमची तक्रार नाही.’

यात ‘खोटारडा’, ‘कारस्थान’, ‘सूड’, ‘बारा वर्षांची मेहनत’ यांपैकी काही नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. मेहनत खरी आहे आणि ती बोलून दाखवावीशी वाटणे स्वाभाविक आहे, पण तपासणाऱ्याला त्या वाक्यावरून काही ठरवता येत नाही. प्रत्येक वाक्याला एक कागद जोडता आला पाहिजे, आणि ज्याला जोडता येत नाही ते वाक्य काढून टाकावे. तेलाचा मुद्दा मी मसुद्यात मुद्दाम घेतलेला नाही, कारण बिलांचा मेळ समजावून सांगायला परिच्छेदभर जागा लागते आणि तेवढ्यात मोबाइल नंबराचा साधा मुद्दा मागे पडतो. शेवटचे वाक्य मात्र ठेवाच. त्यातून हे दिसते की आपण टीका पुसायला निघालेल्या नाही.

हा मजकूर इंग्रजीतून द्यायचा झाल्यास अभिप्रायाचे मूळ मराठी शब्द तसेच्या तसे देऊन खाली सरळ भाषांतर द्या. भाषांतरात शब्द धारदार करण्याचा मोह होतो. ‘फोन करून झापा’ याचा अर्थ फोन करून खडसावा असा आहे. त्याचे ‘जिवे मारण्याची धमकी’ केले, तर मराठी जाणणारा एकही तपासनीस आपल्या पुढच्या वाक्यावर विश्वास ठेवणार नाही.

दरम्यान, अभिप्रायाखाली जाहीर उत्तर असावे असे मला वाटते, कारण निर्णय येईपर्यंत दिवाळीची मागणी देणारे लोक ते पान वाचत राहतील. उत्तर लिहिणाऱ्याला उद्देशून वाटले तरी प्रत्यक्षात ते या वाचणाऱ्यांसाठी असते. पण ते छोटे असावे: ‘नमस्कार. आपण सांगितलेल्या १४ तारखेला, सोमवारी, आमचे दुकान बंद होते आणि त्या दिवशी येथून विक्री झालेली नाही. तारीख वेगळी असल्यास कृपया बिल किंवा पाकिटाचा फोटो घेऊन दुकानात भेटावे. आम्ही त्याच दिवशी चौकशी करू. आमचे नोंदणी प्रमाणपत्र दुकानात दर्शनी भागात लावलेले आहे.’ एवढे पुरे. ‘पाल’ हा शब्द आपण आपल्या उत्तरात पुन्हा लिहू नये, कोर्टाची भाषा काढू नये, आणि मुलाच्या नंबराचाही उल्लेख करू नये, नाहीतर ज्यांच्या नजरेतून तो सुटला होता त्यांचेही लक्ष तिकडे जाईल. हे उत्तर टाकण्यापूर्वी पुराव्याचे काम पूर्ण झालेले असावे, कारण उत्तराची सूचना लिहिणाऱ्याला जाते आणि तो सावध होतो.

नातेवाइकांकडून पंचवीस पाच-ताऱ्यांचे अभिप्राय लिहून घेण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. तो ऐकू नका. बनावट अभिप्राय आढळल्यास गुगल काही काळ त्या पानावर नवे अभिप्राय घेणे थांबवू शकते आणि बनावट अभिप्राय काढल्याची सूचनाही पानावर लावू शकते. म्हणजे ज्या नियमाचा आधार आपण घेतो आहोत, तोच आपण मोडल्यासारखे होईल.

आता, अपीलही फेटाळले गेले तर काय? ‘बदनामी’ हा शब्द उच्चारण्याची जागा तेथून पुढे आहे. गुगलवर नियमभंगाच्या तक्रारीपेक्षा वेगळा, कायदेशीर कारणासाठी मजकूर काढण्याचा अर्ज असतो. त्यात नेमका दुवा, आक्षेपार्ह मजकुराचे जसेच्या तसे शब्द आणि तो असत्य का, याचे स्पष्टीकरण मागितले जाते. तेथे परवान्याचे विधान पहिले ठेवा, कारण त्याला सरकारी नोंदीचा आधार आहे, दुसरे १४ तारखेचे, तेल तिसरे. या अर्जाची प्रत लुमेन नावाच्या सार्वजनिक संशोधन-संग्रहाकडे पाठवली जाऊ शकते, म्हणून त्यात संशयिताबद्दल किंवा मुलाबद्दल अनावश्यक काही लिहू नये.

भारतात याशिवाय २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच २४ तासांच्या आत देणे त्याच्यावर बंधनकारक केले होते, आणि मूळ नियमांत निकालासाठी १५ दिवस होते. मुदती दुरुस्त्यांनी बदलत असल्यामुळे अर्ज करण्याच्या दिवशी लागू असलेली मुदत पाहून घ्यावी. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर अपील करता येते. त्यासाठी त्या अधिकाऱ्याचे उत्तर ज्या ई-मेलने आले ती जपून ठेवा.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण बरेच वकील नसलेले सल्लागार ती सांगत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये या नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हा प्लॅटफॉर्मने रोखायच्या मजकुराच्या यादीतून ‘बदनामीकारक’ हा शब्द काढून टाकण्यात आला. मजकूर बदनामीकारक आहे की नाही हे न्यायालयाने ठरवावे, अशी त्यामागची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ च्या श्रेया सिंघल खटल्यात म्हटले आहे की प्लॅटफॉर्मला मजकुराची कायद्याच्या अर्थाने जाणीव झाली असे मानायचे ते न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना मिळाल्यावर. म्हणून तक्रार अधिकाऱ्याला लिहितानाही मोबाइल नंबर, खासगीपणाचा भंग आणि त्रास देण्याचे आवाहन हे मुद्दे वर ठेवा आणि बदनामीचा मुद्दा खाली. त्याच्या हातात बदनामीबद्दलचे अधिकार तेवढे नाहीत.

न्यायालयात जायचे की नाही हे नुकसान किती झाले त्यावर अवलंबून आहे, आणि तो निर्णय वकिलाशी बोलूनच घ्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे, परंतु त्यासाठी पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत. दंडाधिकाऱ्यापुढे स्वतः फिर्याद द्यावी लागते. दिवाणी दाव्यात भरपाई आणि मजकूर हटवण्याचा आदेश मागता येतो. लिहिणारा निनावी असल्यास त्याच्या खात्याची माहिती देण्याचा आदेशही न्यायालयाकडूनच मिळवावा लागतो. आपण मागितली म्हणून गुगल ती देणार नाही. कोणत्याही मार्गाने गेलात तरी इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. म्हणून ज्या फोनवर किंवा संगणकावर स्क्रीनशॉट घेतले ते उपकरण विकू नका, आणि मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून फिरवून लहान झालेल्या प्रतीऐवजी तशीच जपून ठेवा.

लेखी बदनामीच्या भरपाईचा दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. अपिले, अर्ज आणि स्मरणपत्रे चालू असतानाही हे वर्ष थांबत नाही. गुगलच्या त्या पहिल्या ई-मेलवरील तारखेत एक वर्ष मिळवा आणि येणारी तारीख या प्रकरणाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.